सोयाबीनचा एकरी नफा: कर्ज, व्याज, खर्च आणि पट्टी यांचा एका हंगामाचा हिशोब

प्रश्न: तीन एकर सोयाबीन केलं. १० जूनला बँकेतून ९०,००० पीककर्ज उचललं, त्यातले ४५,००० मुलीच्या कॉलेजच्या फीला आणि घरखर्चाला गेले. माल दोनदा विकला, दोन्ही पट्ट्या मिळून ९७,८३० आले. भुसा १,५०० ला गेला. १० फेब्रुवारीला बँकेला व्याजासकट ९४,२२९ भरले. दुकानाची उधारी आणि मळणी भागवताना उलट सात हजार पदरचे गेले. म्हणजे सोयाबीन तोट्यात गेलं का? एकरी नफा काढताना बँकेला भरलेली सगळी रक्कम वजा करायची की फक्त व्याज?

उत्तर: फक्त व्याज, आणि तेही सगळं नाही. सोयाबीन तोट्यात गेलेलं नाही. तुमच्या आकड्यांवरून एकरी १४ हजारांच्या आसपास नफा निघतो. स्वतःची मजुरी धरली तर तो ११ हजारांच्या जवळ येतो आणि जमिनीचा खंडही धरला तर ६ हजारांच्या आत. तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त प्रत्येकाचा अर्थ वेगळा.

गोंधळ होतो तो मुद्दलामुळे. जूनमध्ये बँकेतून ९०,००० आले तेव्हा ती कमाई नव्हती, म्हणून फेब्रुवारीत ते परत केले तो खर्चही नाही. त्या पैशातून जे बियाणं, खत, औषध आणलं तो खर्च. तुम्ही बियाण्याचे पैसे खर्चात धरले आणि त्याच बियाण्यासाठी काढलेलं मुद्दलही वजा केलं, तर एकच खर्च दोनदा मोजला जातो. ‘बँक भागवून हाती काय उरलं’ यावरून नफा ठरवणाऱ्या घरात हे दरवर्षी घडतं. तिथे चांगलं पीकही तोट्यात दिसतं आणि एखाद्या वर्षी कर्ज थकवलं की वाईट पीकही नफ्यात दिसतं.

आधी एकर नक्की करा

भागायचं कशाने, हे पहिलं ठरवा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १ हेक्टर म्हणजे १०० आर, म्हणजे २.४७ एकर, आणि १ एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ४०.५ आर. उताऱ्यावर १.६२ हेक्टर असेल तर ते ४ एकर. पण विहीर, बांध, पोटखराबा आणि जनावरांच्या चाऱ्याचा तुकडा सोडून सोयाबीन १.२२ हेक्टरवर पेरलं असेल, तर ते ३ एकर. बँक कर्ज देताना बहुतेक वेळा उताऱ्यावरचं क्षेत्र बघते, तुम्ही मात्र पेरलेलं क्षेत्र घ्यायचं. चाराने भागलं तर एकरी नफा पाव भागाने कमी दिसेल आणि शेजाऱ्याशी केलेली तुलना फसेल.

तुरीचं आंतरपीक असेल तर क्षेत्राची वाटणी करत बसू नका. एकाच रानात दोन्ही पिकं असताना नांगरट कोणाची आणि खत कोणाचं हे सांगता येत नाही. सोयाबीन आणि तूर दोघांचा मिळून खर्च, दोघांची मिळून विक्री, आणि भागायचं एकाच क्षेत्राने. अशा वेळी तूर विकेपर्यंत हिशोब अपुराच राहणार, तो ऑक्टोबरात बंद करू नका.

खर्च: वही अशी दिसेल

तुमच्या तीन एकरांचा रोखीचा खर्च मी असा धरला आहे. दर गावोगाव बदलतात, तिथे आपले घाला.

- नांगरट आणि रोटाव्हेटर, एकरी ३,२०० : ९,६००
- विकतचं बियाणं ६० किलो : ६,०००
- ट्रॅक्टरने पेरणी : ३,०००
- डीएपी ३ गोण्या, शिवाय पोटॅश आणि गंधक : ६,६००
- तणनाशक आणि दोन फवारण्यांची औषधं (रोखीच्या भावाने) : ७,५००
- खुरपणी, १२ मजूर : ३,६००
- काढणीचं गुत्तं, एकरी ३,५०० : १०,५००
- मळणी, २४ क्विंटल, क्विंटलला २५० : ६,०००
- बारदाना ४० पोती : १,०००
- बाजारापर्यंत वाहतूक : १,२००
- पीकविम्याचा हप्ता : १,४००

बेरीज ५६,४००.

यात विम्याचा हप्ता हमखास सुटतो. कर्जदार शेतकऱ्याचा हप्ता बँक कर्जखात्यातूनच वळता करते, हातातून नोट जात नाही म्हणून तो वहीत येत नाही. राज्यातली एक रुपयाची सोय २०२५ च्या खरिपापासून बंद झाली आणि खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के हप्ता पुन्हा लागू झाला. खात्याचा उतारा काढला की तो दिसतो. उद्या विम्याची भरपाई आली तर ती त्याच हंगामाच्या खात्यात जमेला लिहा, पण विक्रीच्या आकड्यात मिसळू नका. किसान सन्मान निधीचे हप्ते मात्र या हिशोबात आणूच नका. ते पिकावर मिळत नाहीत, शेत पडीक ठेवलं असतं तरी आले असते.

शिवाय ३० किलो बियाणं घरचं वापरलं. त्याला विकतच्या पिशवीचा भाव लावायचा नाही. जूनमध्ये तेच सोयाबीन बाजारात नेलं असतं तर जे मिळालं असतं तो भाव लावायचा. किलोला ४५ धरले तर १,३५०.

व्याज: महिन्यांचं नाही, दिवसांचं

बँक व्याज दिवसांवर काढते:

```
व्याज = रक्कम × वार्षिक दर × दिवस ÷ ३६,५००
```

१० जून ते १० फेब्रुवारी हे २४५ दिवस होतात. ९०,००० × ७ × २४५ ÷ ३६,५०० = ४,२२९. तुम्ही भरलेला आकडा याच्याशी जुळतो, म्हणजे बँकेने ७ टक्क्यांनीच आकारणी केली आहे. जुळला नसता तर दर बदलला आहे, उचल दोन टप्प्यांत झाली आहे, किंवा विमा नाहीतर कसली तरी फी मध्येच नावे पडली आहे, असं समजून उतारा ओळीओळीने तपासायचा.

यातलं सोयाबीनचं व्याज किती? ९०,००० पैकी निम्मे फीला आणि घराला गेले. त्या ४५,००० चं व्याज सोयाबीनवर टाकणं चूक आहे. तो घराचा खर्च आहे, आणि घराने तो वेगळा सोसायचा. पीककर्जात असं होणारच, कारण किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवतानाच पिकाच्या कर्जदरावर घरखर्च आणि काढणीनंतरच्या गरजांसाठी १० टक्के, आणि शेतीच्या साधनांच्या देखभालीसाठी २० टक्के वाढीव धरलेले असतात. तेव्हा पिकावर फक्त २,११४ रुपये टाका.

आता सवलत. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राकडून ३ टक्के परत मिळतात, म्हणजे दर ४ टक्क्यांवर येतो. उरलेला भार राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उचलला जातो आणि कर्ज बिनव्याजी पडतं. तुमच्या पिकाच्या हिश्शावर ३ टक्क्यांचे ९०६ रुपये आणि उरलेले १,२०८, असे मिळून तेच २,११४. पण काही बँका आधी पूर्ण व्याज भरून घेतात आणि सवलत मागाहून खात्यात जमा करतात. म्हणून वहीत व्याज पूर्ण लिहायचं आणि सवलत खात्यात दिसेल त्या दिवशी वेगळी ओळ करायची. येणार आहे म्हणून आधीच शून्य धरलं, आणि ती वर्षभर आली नाही, तर हिशोब फसतो.

मुदत चुकली तर दुहेरी मार बसतो. मुदतीत फेडल्याची सवलत हातची जाते, आणि देय तारखेनंतर बँक आपला नेहमीचा जास्त दर लावू शकते. हे टाळायला पुष्कळ जण कर्ज नवं-जुनं करतात: चार दिवसांसाठी बाहेरून पैसे घेऊन बँकेत भरायचे, नवं कर्ज उचलायचं, आणि बाहेरच्याला परत द्यायचे. त्या चार दिवसांसाठी बाहेरच्याला लाखामागे जे काही दिलं, तेही कर्जाचंच व्याज. पिकाच्या हिश्शाएवढं ते खर्चात यायलाच हवं. बँकेच्या उताऱ्यात ते कधीच दिसत नाही.

उधारीचं व्याज कुठे लपतं

औषधांपैकी रोखीने ३,६०० ची असलेली तुम्ही उधारीवर ४,२०० ला घेतली आणि चार महिन्यांनी पैसे दिले, असं धरू. दुकानदाराच्या बिलावर व्याज हा शब्द नसतो, पण वरचे ६०० हे व्याजच. ३,६०० वर चार महिन्यांना ६००, म्हणजे वर्षाला ५० टक्के. बँकेच्या ७ टक्क्यांवर पारावर तासभर चर्चा करणारा माणूस या ५० टक्क्यांबद्दल एक शब्द बोलत नाही, कारण ते औषधाच्या किमतीत विरघळलेले असतात.

म्हणून औषधाच्या ओळीत रोखीचा भाव लिहा आणि फरक व्याजाच्या ओळीत. तसं केलं की एक गोष्ट लगेच दिसते: कर्जातले ४५,००० घराकडे गेले नसते, तर औषध रोखीने आलं असतं. फीचे पैसे पीककर्जातून गेल्यामुळे औषधावर ६०० जास्त पडले. तरीही हे ६०० मी पिकाच्याच खर्चात ठेवतो, कारण औषध पिकाला लागलं.

व्याजाची बेरीज आता २,११४ + ६०० = २,७१४.

एक जण विचारेल की घरचे पैसे घातले असते तर व्याज शून्य धरायचं का. रोखीच्या हिशोबात होय. पण दोन शेतकऱ्यांची तुलना करायची असेल, तर घरच्या पैशालाही मुदत ठेवीचा दर लावा. नाहीतर कर्ज काढणारा उगाच वाईट शेतकरी ठरतो.

विक्री: पट्टीतला शेवटचा आकडा, वरचा भाव नाही

मळणीला २४ क्विंटल भरलं, एकरी ८. त्यातलं १ क्विंटल बियाण्याला ठेवलं.

ऑक्टोबरात १० क्विंटल नेलं. घट आणि पोत्याचं वजन जाऊन पट्टीवर ९.९० क्विंटल, भाव ४,१५०, म्हणजे ४१,०८५. हमाली-तोलाईचे ३३५ वजा जाऊन हाती ४०,७५०.

उरलेलं १३ क्विंटल जानेवारीपर्यंत थांबवलं. इथे ओलावा विसरला जातो. मळणीच्या वेळी १४ टक्के ओलावा असलेलं सोयाबीन घरात ११ टक्क्यांवर आलं तर कोरडा माल तेवढाच राहतो आणि पाणी उडतं: १३ × ८६ ÷ ८९ = १२.५६ क्विंटल. पट्टीवर १२.५० भरलं, भाव ४,६००, म्हणजे ५७,५००. खर्च ४२० जाऊन ५७,०८०.

दोन्ही मिळून ९७,८३०, तुमचाच आकडा. त्यात बियाण्याचं १ क्विंटल ४,१५० ने आणि भुशाचे १,५०० मिळवले की एकूण उत्पन्न १,०३,४८०.

थांबणं परवडलं का? क्विंटलला ४५० वाढले, म्हणजे जवळपास ११ टक्के. तेच १३ क्विंटल ऑक्टोबरात विकलं असतं तर हाती साधारण ५३,००० आले असते. म्हणजे वाढ ४,१०० च्या घरात. ५३,००० तेव्हाच बँकेत भरले असते तर ९० दिवसांचं ७ टक्क्यांनी ९१५ व्याज वाचलं असतं. खरा फायदा ३,२०० च्या आसपास, तोही उंदीर-घुशी लागल्या नाहीत असं धरून. भावातले ११ टक्के हाती येताना ६ टक्के झाले; त्यातला मोठा वाटा ओलाव्याने खाल्ला, व्याजाने नाही. व्याज सवलत पूर्ण मिळणार असेल तर थांबण्याचा व्याजखर्च नाहीच; मग फक्त देय तारीख सांभाळायची.

हमीभावाने उत्पन्न काढू नका. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ होता, पण ज्याचा माल त्या भावाने खरेदी केंद्रावर मोजून घेतला गेला नाही, त्याच्यासाठी तो आकडा कागदावरचा आहे.

आता वजाबाकी

रोखीचा खर्च ५६,४००, व्याज २,७१४, घरचं बियाणं १,३५०. बेरीज ६०,४६४.

१,०३,४८० − ६०,४६४ = ४३,०१६. तीन एकरांनी भागून एकरी १४,३३९. पुढच्या वर्षी पेरणीला पैसा कसा उभा करायचा आणि या पिकाने घराला किती दिलं, याचं उत्तर हा आकडा देतो.

घरच्या दोन माणसांनी फवारणी, खुरपणी, वाळवण, राखण मिळून ३० दिवस दिले. ३५० रुपये रोजाने १०,५००. ते वजा केले की ३२,५१६, एकरी १०,८३९. रोज धरताना तेवढे दिवस गावात दुसरं काम खरंच मिळालं असतं का, याचा विचार करा. मिळालं नसतं तर पूर्ण रोज लावून पिकाला तोट्यात काढण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी जमिनीची. तुमच्या भागात असं रान वर्षाला एकरी १०,००० खंडाने जात असेल आणि सोयाबीननंतर त्यात हरभरा येत असेल, तर निम्मा खंड सोयाबीनवर टाका, तीन एकरांचे १५,०००. उरतात १७,५१६, एकरी ५,८३९. हाच आकडा सांगतो की रान स्वतः कसायचं की खंडाने देऊन टाकायचं. दुसऱ्याचं रान खंडाने केलं असेल, तर खंड पहिल्याच पायरीवर रोखीच्या खर्चात जातो.

कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या मोजपट्ट्याही साधारण अशाच पायऱ्यांच्या आहेत: ए२ म्हणजे प्रत्यक्ष खर्च, त्यात कुटुंबाचे श्रम मिळवले की दुसरी पायरी, आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरचं व्याज धरलं की सी२. हमीभाव दुसऱ्या पायरीच्या किमान दीडपट धरला जातो, म्हणून ‘दीडपट भाव’ आणि ‘खर्च निघत नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी ऐकू येतात. २०२५-२६ साठी ती दुसरी पायरी क्विंटलला ३,५५२ होती. तुमची, भुशाचे १,५०० वजा करून आणि विकलेल्या व ठेवलेल्या २३.४० क्विंटलांनी भागून, २,९६९ येते. कारण मुख्यतः एकरी ८ क्विंटलचा उतारा.

उताऱ्याचं वजन बघा. एकरी एक क्विंटल कमी झालं असतं, तर मळणी आणि वाहतूक वाचूनही एकरी सुमारे ४,००० गेले असते. बँकेचं पिकावरचं सगळं व्याज तीन एकरांत वाटलं तर एकरी ७०५ होतं. व्याज सवलतीसाठी हेलपाटे जरूर घाला, पण उगवणशक्ती न तपासता घरचं बियाणं पेरून एक क्विंटल घालवलं, तर तशा पाच-सहा हंगामांचं व्याज एका फटक्यात जातं.

खिशातले सात हजार कुठे गेले

हिशोब बरोबर आहे की नाही हे तपासायचा एकच भरवशाचा मार्ग आहे: नफ्यापासून निघून खिशातल्या पैशापर्यंत पोहोचायचं.

नफा ४३,०१६. बियाण्याला ठेवलेलं क्विंटल रोख झालं नाही, म्हणून ४,१५० वजा. घरच्या ३० किलोला पैसे द्यावे लागले नाहीत, म्हणून १,३५० मिळवा. उरले ४०,२१६. घराच्या हिश्शाचं व्याज २,११५ वजा, ३८,१०१. घराला गेलेले ४५,००० वजा, उणे ६,८९९. पदरचे गेलेले सात हजार ते हेच. सोयाबीनने रोख ४०,००० मिळवले. घराने त्याआधीच ४५,००० आणि वर त्याचं व्याज खर्चलं होतं.

तुमच्या वहीत हा शेवटचा आकडा पाचशे-हजाराने जुळला नाही, तर आधी बँकेचा उतारा काढून विमा आणि फीच्या ओळी बघा, मग दुकानदाराच्या वहीतला जमा-नावे आपल्या वहीशी ताडून घ्या. फरक पाच-सात हजारांचा असेल तर बहुधा काढणीचं गुत्तं किंवा मळणीचे पैसे सरळ पट्टीतून दिलेले असतात आणि लिहायचे राहिलेले असतात. फरक उलट दिशेने, म्हणजे खिशात जास्त निघत असेल, तर कुणाची तरी उधारी अजून द्यायची आहे.